आठवीच्या जिम्नॅस्टिक्सची उद्दिष्टं 'मोजता येतील अशी' लिहा म्हणतात, म्हणजे नेमकं काय लिहू?

शिट्टी_आणि_मॅट
नमस्कार मंडळी. सोलापुरात एका अनुदानित शाळेत पीटी शिकवते. दिवाळीनंतर आठवीला जिम्नॅस्टिक्सचा घटक घ्यायचाय, आठ तासिका, प्रत्येकी ३५ मिनिटं. वर्गात ५८ मुलंमुली, मॅट दोनच आणि त्यातली एक मधोमध दबलेली. टाचण लिहून दिलं तर मुख्याध्यापकांनी तीन ओळींखाली लाल रेघ मारून परत पाठवलं, बाजूला फक्त एवढंच, "हे कसं मोजणार?"

त्या तीन ओळी अशा:
विद्यार्थ्यांना फॉरवर्ड रोलची ओळख होईल.
विद्यार्थी योग्य पद्धतीने फॉरवर्ड रोल करतील.
विद्यार्थ्यांमध्ये आत्मविश्वास, लवचिकता व सहकार्यवृत्ती वृद्धिंगत होईल.

आता खरं सांगू का, बीपीएडला असल्यापासून मी हेच लिहितेय आणि आजवर कुणी हरकत घेतली नव्हती. आधी राग आला, मग घरी येऊन भाकरी थापताना विचार केला की खरंच, मी "योग्य पद्धतीने" ठरवते कशावरून? मुलगी उठून उभी राहिली आणि रडली नाही की मी ब देते, बस. कुणी नीट लिहिलेलं उद्दिष्ट दाखवाल का, सगळ्या घटकाचं नको, एका फॉरवर्ड रोलचंच दाखवा, बाकीचं मी त्यावरून करीन.

बार्शीकर_पीटी
सोपंय मॅडम, आकडा घाला. "८० टक्के विद्यार्थी ९० टक्के अचूकतेने फॉरवर्ड रोल करतील." आमच्याकडे तपासणीला हेच चाललं, साहेब खूश.

पार्कजवळचे_आजोबा
बार्शीकर, आकडा घातलात ते ठीक पण ९० टक्के कशाचे? कोलांटी म्हणजे गणिताचा पेपर नाही, दहातली नऊ उदाहरणं बरोबर आली असं म्हणायला. आणि ८० टक्के विद्यार्थी हा तुमच्या शिकवण्याचा हिशोब झाला, एका मुलाला काय आलं पाहिजे ते त्यातून कळत नाही. आकडा शेवटी येतो हो, आधी काय मोजायचं ते ठरलं पाहिजे.

मॅडम, मी तीसेक वर्षं मुलांना मॅटवर लोळवलंय, आता निवृत्त. उद्दिष्टाला तीन पाय लागतात. मूल काय करताना दिसेल, कुठल्या परिस्थितीत करेल, आणि किती जमलं म्हणजे जमलं म्हणायचं. रॉबर्ट मेजर नावाच्या अमेरिकन माणसाने १९६२ साली हे मांडलं, आपल्या बीएडच्या "उद्दिष्टे व स्पष्टीकरणे" वाल्या रकान्यातही जवळपास तेच अपेक्षित आहे, फक्त आपण स्पष्टीकरणाच्या रकान्यात पुन्हा उद्दिष्टच खरडतो.

"ओळख होईल" हे दिसत नाही, ते सोडा. "योग्य पद्धतीने" हे फसवं, कारण ते दिसतंय असं वाटतं. तर आधी एक करा. उद्या दहाबारा मुलींना एकेक रोल करायला लावा, तुम्ही आणि दुसरं कुणीतरी वेगवेगळ्या कागदावर जमला किंवा नाही जमला एवढंच लिहा, मधे बोलायचं नाही. मग कागद जुळवा आणि इथे सांगा.

सोलापूरी_चादर
दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात त्याला फॉरवर्ड रोल चालतो का? माझा मुलगा नववीत आहे, क्रिकेटमध्ये निवड नाही झाली.

बार्शीकर_पीटी
दादा ते स्पर्धेत खेळणाऱ्यांसाठी असतं, हा वर्गातल्या शिकवण्याचा विषय आहे. शाळेतल्या क्रीडाशिक्षकांना विचारा.

पंच_होतो_कधीतरी
एवढा घोळ कशाला, आंतरराष्ट्रीय पंचगिरीची पद्धत तयार आहे की. छोटी चूक ०.१, मध्यम ०.३, मोठी ०.५ आणि पडला तर १.० वजा. पन्नास वर्षांवरच्या अनुभवातून बनलेली पद्धत आहे, तीच वर्गात लावा, मोजमाप झालं.

शिट्टी_आणि_मॅट
आजोबा, केलं. चित्रकलेच्या बाईंना ऑफ तासाला पकडून आणलं, १२ मुली, एकेक रोल. पाच जणींच्या बाबतीत आमचं जुळलंच नाही! एका मुलीला मी "जमला" लिहिलं आणि बाईंनी "नाही", विचारलं तर म्हणाल्या तिने उठताना हात टेकले. मला वाटलं त्यात काय एवढं. आणि एकीला त्यांनी "जमला" दिला कारण ती सरळ रेषेत गेली, मला मात्र तिचा माथाच मॅटवर टेकलेला दिसला होता, माझ्या पोटात गोळा आला होता. म्हणजे दोघी वेगवेगळ्याच गोष्टी बघत होतो.

पार्कजवळचे_आजोबा
हेच पाहिजे होतं. १२ मधे ५ म्हणजे तुमचं "योग्य पद्धतीने" किती पातळ आहे ते कळलं.

पंचसाहेब, तुमची पद्धत चांगली आहे पण ती ज्याला रोल आधीच येतो त्याच्यासाठी. ती पूर्ण गुणांपासून खाली मोजत येते. आठवीतल्या पोराला जे अजून यायचंय ते वरून कापत बसलं तर सगळ्यांना शून्याखाली न्यावं लागेल, आणि ०.३ कशाबद्दल गेला ते त्या पोराला कळणार नाही. शिवाय छोटी चूक आणि मध्यम चूक यातला फरक ओळखायला तुम्ही स्वतः किती वर्षं घालवलीत? एक मात्र त्यातून घेण्यासारखं आहे, की पंच "छान" बघत नाही, गुडघा किती वाकला ते बघतो.

आता रोल. हा सगळा प्रकार दीडदोन सेकंदात संपतो. तेवढ्यात डोळा चारच गोष्टी पकडू शकतो आणि त्याही एकामागून एक येणाऱ्या असतील तरच. म्हणून मी चार खुणा धरायचो, ज्या क्रमाने घडतात त्याच क्रमाने.

पहिली, उकिडवं बसून दोन्ही तळवे खांद्याएवढ्या अंतरावर एकाच वेळी मॅटवर. एक हात आधी टेकला की पोरगं तिरकं जाऊन एका खांद्यावर पडतं.

दुसरी सगळ्यात महत्त्वाची. हनुवटी छातीला, बूड वर, आणि मॅटला पहिल्यांदा लागतो तो खांद्यामागचा भाग, माथा नाही. वजन हातांनी झेलायचं असतं. हात ढिले सोडले की सगळा भार माथ्यावरून मानेत उतरतो, मॅडमच्या पोटात गोळा आला तो बरोबरच आला.

तिसरी, पाठ गोल आणि गुडघे छातीशी, पाय मॅटला लागेपर्यंत. पाय आधीच उघडले की पाठ सपाट होते आणि धप्प आवाज येतो.

चौथी, हात न टेकता पायांवर उभं राहणं.

आणि गंमत बघा, चौथी चुकते तेव्हा चूक बहुतेक तिसरीत असते. पाय लवकर उघडले की टाचा बुडापासून लांब पडतात, मग उठायला हात टेकावेच लागतात. तिथे "हात टेकू नको" ओरडून काही होत नाही, टाचा बुडाजवळ आण म्हणावं लागतं. तुमच्या आणि चित्रकलेच्या बाईंच्या वादाचं मूळ इथे आहे.

होटगीरोडचा
सर ते धप्प आवाजाचं मला लई आवडलं पण आमच्या हॉलवर पत्रा हाय आणि खाली ६० पोरं, तिथं धप्प काय आणि फटाका फुटला काय, काय ऐकू येत नाय 😄

दुसऱ्या खुणेसाठी मी एक करतो बगा. मॅटवर हात टेकायच्या पुढं वीतभर जागेत खडूची पूड पसरायची. रोल झाला की डोकं बघायचं. माथ्यावर पांढरं लागलं की चुकलं, मानेखाली शर्टाच्या कॉलरवर लागलं की बरोबर. पोरांनी तेल लावलेलं असतंय त्यामुळं पूड मस्त चिकटती, पोरं स्वतःच एकमेकांची डोकी तपासत बसतात. पालकांनी एकदा विचारलं पोराच्या डोक्याला चुना कुठला म्हणून.

शिट्टी_आणि_मॅट
हाहा. माझ्याकडे दोन वेण्यावाल्या २६ मुली आहेत, खडूची पूड लावली तर त्यांच्या आया मला शाळेत येऊन भेटतील.

पार्कजवळचे_आजोबा
होटगीरोड, युक्ती झकास आहे, सरावाला वापरा. मूल्यमापनाला जपून, कारण रोल चांगला असला तरी डोक्याची मागची बाजू मॅटला घासून जाते, ती हलकी घासली की भार टाकून टेकली ते पूड सांगत नाही. माथ्यावर ठळक गोल डाग आला तर मात्र शंका नको.

मी मुलींसाठी रुमाल वापरायचो. घडी केलेला रुमाल हनुवटीखाली धरायचा, उभं राहीपर्यंत पडू द्यायचा नाही. ही खूण आंधळ्यालाही दिसते, रुमाल खाली आहे की नाही एवढंच बघायचंय.

पंच_होतो_कधीतरी
रुमाल पडला नाही म्हणजे हनुवटी आत होती एवढंच कळतं. हातावर भार घेतला की नाही हे कुठे कळतं? हनुवटी आत ठेवून हात ढिले सोडणारी पोरं मी ढिगाने पाहिलीत.

पार्कजवळचे_आजोबा
मान्य. रुमाल अर्धंच काम करतो. हातांसाठी कोपर बघावं लागतं, आणि ते फक्त बाजूने दिसतं. मॅडम, तुम्ही त्या दिवशी कुठे उभ्या होता?

शिट्टी_आणि_मॅट
मी मॅटच्या टोकाला, समोर, पडली तर धरायला म्हणून. बाई बाजूला खुर्चीवर बसल्या होत्या.

पार्कजवळचे_आजोबा
मग अर्धा घोळ तिथेच. समोरून हात सरळ पडले का ते दिसतं, पण डोकं आणि कोपर लपतं. बाजूला, हात टेकतात त्या जागेच्या रेषेत, एका गुडघ्यावर बसा म्हणजे नजर खाली येते. ही जागासुद्धा टाचणात लिहा, कारण दुसऱ्या कुणी तपासलं तर त्यांनीही तिथूनच बघितलं पाहिजे. नाहीतर खूण तीच आणि उत्तर वेगळं.

अनूची_आई
मी शिक्षिका नाही, पण वाचत होते म्हणून विचारते. माझ्या मुलीला डाउन सिंड्रोम आहे, सातवीत साध्या शाळेतच जाते. मागच्या वर्षी तिला सगळ्यांबरोबर कोलांटी मारायला लावली आणि ती आनंदाने मारत होती, मी मात्र घाबरून गेले होते. माझं चुकलं का? तिला वगळा म्हणायचं माझ्या जिवावर येतं.

पार्कजवळचे_आजोबा
ताई, तुमचं घाबरणं बरोबर होतं. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेतले सगळ्यात वरचे दोन मणके एकमेकांवर सैल असतात आणि ते बाहेरून दिसत नाही. कोलांटीत मान जोरात पुढे वाकते आणि तिच्यावर भार येऊ शकतो. डॉक्टरांनी तपासून लेखी हो म्हटल्याशिवाय रोल नाही, हा नियम मी तरी कधी मोडला नाही.

पण वगळायचं असं नाही. तिच्यासाठी उद्दिष्ट वेगळं लिहायचं, तेही तितकंच मोजता येईल असं. उदाहरणार्थ मॅटवर आडवं, हात डोक्यावर सरळ धरून लाटण्यासारखं दोन मीटर लोळत जाणं, मॅटच्या कडेबाहेर न जाता. किंवा जमिनीवर आखलेल्या पट्टीवर एका पायावर ५ सेकंद उभं राहणं. तिलाही इतरांसारख्याच खुणा मिळाल्या पाहिजेत, "सहभाग घेतला" म्हणून श्रेणी द्यायची नाही. लोळण्यालाही आधी डॉक्टरांना विचारून घ्या.

अनूची_आई
लाटण्यासारखं लोळणं तिला घरी गादीवर फार आवडतं. डॉक्टरांना विचारते. धन्यवाद.

शिट्टी_आणि_मॅट
सगळ्यांचं वाचून पुन्हा लिहिलं. फाडून टाका:

"सपाट मॅटवर, उकिडव्या स्थितीतून, कुणाचा आधार न घेता विद्यार्थी सलग ३ प्रयत्नांपैकी किमान २ प्रयत्नांत फॉरवर्ड रोल अशा प्रकारे करेल की (क) दोन्ही तळवे एकाच वेळी टेकतील, (ख) माथा मॅटला न टेकता खांद्यामागचा भाग आधी टेकेल, (ग) पाय मॅटला लागेपर्यंत गुडघे छातीजवळ राहतील, (घ) हात न टेकता उभा राहील. निरीक्षण बाजूने, गुडघ्यावर बसून."

बार्शीकर_पीटी
३ पैकी २ का? एकदा जमलं म्हणजे जमलं की.

पार्कजवळचे_आजोबा
एकदा नशिबानेही जमतो. तीनदा मागितलं तर थकलेलं किंवा बिचकलेलं पोर उगाच नापास होतं. २ हा माझा अंदाज आहे, कुठे कोरलेला नाही.

मॅडम, छान उतरलंय. दोनच गोष्टी. "सपाट मॅटवर" लिहिलंत ते चांगलं केलंत, पण सपाटवर पोचायच्या आधीची पायरीही लिहा, नाहीतर ज्याला येत नाही त्याच्या पुढे कोरी जागा राहील. उतार करा, बाकाच्या एका टोकावर मॅट टाकून किंवा दोन मॅट एकावर एक थोड्या सरकवून. उतारावर वेग आपोआप मिळतो, उठणं सोपं जातं. तिथे क ते ग जमलं म्हणजे एक पायरी, सपाटवर चारही जमलं म्हणजे पुढची. आणि ख चुकला तर बाकी तीन बरोबर असले तरी तो प्रयत्न धरायचा नाही, हे स्पष्ट लिहा. चारातले तीन म्हणून माथ्यावरचा रोल पास होता कामा नये.

होटगीरोडचा
मॅडम ते बाकावर मॅट टाकताना बाक सरकतो हां, पाय भिंतीला लावा बाकाचे. आमचा सरकला होता, पोरगं वाचलं पण माझी वाचा गेली.

पंच_होतो_कधीतरी
आता हिशोब करा. ५८ मुलं गुणिले ३ म्हणजे १७४ रोल. एकाला येणं, बसणं, रोल, तुम्ही लिहिणं धरून २० सेकंद. ५८ मिनिटं. ३५ मिनिटांच्या तासिकेत हजेरी आणि मॅट घालणंही आहे. मॅट दोन असल्या तरी तुमचे डोळे एकाच मॅटवर. हे सगळं कागदावरच राहणार.

शिट्टी_आणि_मॅट
बाप रे, हा हिशोब मी केलाच नव्हता. 😔

पार्कजवळचे_आजोबा
शेवटच्या दिवशी सगळ्यांचं घेऊ नका. पाचव्या तासिकेपासून रोज १५ जण, पंधरा त्रिक ४५ रोल, १५ मिनिटं. चार दिवसांत ५८ होतात. बाकीची मुलं दुसऱ्या मॅटवर सोपं काही करतील, तिथे रोल नको कारण तुमचं लक्ष नसेल. भिंतीशी तोल साधणं, पट्टीवर चालणं असलं काही.

आणि तुमचं ते "सहकार्यवृत्ती वृद्धिंगत" इथेच उपयोगी पडेल. ती वृद्धिंगत होते का ते मला माहीत नाही, पण "आधीचा विद्यार्थी मॅटवरून पूर्ण बाहेर गेल्याशिवाय पुढचा हात टेकत नाही" हे दिसतं. मॅट चौघांनी चार कोपरे धरून उचलली की फरपटत नेली हेही दिसतं. तेच लिहा. आत्मविश्वास काढून टाका, तो तुम्ही कागदावर पकडू शकणार नाही.

बार्शीकर_पीटी
आत्मविश्वास काढला तर तपासणीत विचारतील हो, भावात्मक क्षेत्र कुठे गेलं म्हणून.

पार्कजवळचे_आजोबा
विचारू देत. मॅट कशी उचलतात ते दाखवा.

शिट्टी_आणि_मॅट
दहा दिवसांनी लिहितेय. त्याच चित्रकलेच्या बाई, त्याच १२ मुली, दोघी बाजूने गुडघ्यावर. यावेळी दोनच ठिकाणी मतभेद. दोन्ही ग वर. बाई म्हणतात गुडघे छातीपासून सुटले, मी म्हणते नाही सुटले. "छातीजवळ" म्हणजे किती जवळ हे आम्ही दोघींनीही आपापल्या मनाने ठरवलं होतं. मग तिथेच मॅटवर बसून मुलींच्या मांड्या आणि पोट यात वहीची घडी मावते का ते बघत होतो, शिपाईकाका दारातून बघून हसत निघून गेले.

ज्या मुलीच्या माथ्यावरून वाद होता ती आता उतारावर नीट जाते. सपाटवर अजून माथा टेकतो. तिच्या नावापुढे पहिल्यांदाच मी "ब" सोडून काहीतरी लिहिलं, "उतारावर क ख ग, सपाटवर ख नाही". तिने वही डोकावून वाचली आणि विचारलं मॅडम, ख म्हणजे डोकं ना?

मुख्याध्यापकांनी टाचणावर सही केली. बाजूला लिहिलंय, "हँडस्टँडचेही असेच लिहावे."

पंच_होतो_कधीतरी
ग साठी "छातीजवळ" काढा आणि "टाचा बुडापासून वीतभराच्या आत पडतात" लिहा. टाचा कुठे पडल्या ते दिसतं, मांडी आणि पोटातली जागा फिरताना कुणाला दिसतेय.

पार्कजवळचे_आजोबा
वीत कुणाची? आठवीतल्या पोराची की तुमची? पण दिशा बरोबर आहे. मॅटवर खडूने रेघ मारून बघा मॅडम. लांब पायांच्या मुलांचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही, त्यांच्या टाचा तशाही लांबच पडतात.

होटगीरोडचा
हँडस्टँडला भिंत धरणार असाल तर टाचा भिंतीला किती सेकंद लागू द्यायच्या, का लागूच द्यायच्या नाहीत? माझ्या पोरांत यावरून रोज भांडण हाय.